बीओक्यू भरताना: निविदेच्या दुसऱ्या लिफाफ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी मी निविदा भरून देण्याचं काम करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण छोटे ठेकेदार असतात, मजूर सहकारी संस्थांचे सचिव असतात, नाहीतर नुकतेच नोंदणी केलेले बेरोजगार अभियंते. पहिल्या लिफाफ्याची कागदपत्रं सगळे मन लावून गोळा करतात. गाडी अडते ती दुसऱ्या लिफाफ्यात, म्हणजे किंमत देकारात. तिथे बीओक्यू, म्हणजे कामाच्या बाबी आणि परिमाणांचा तक्ता, दर टाकून भरायचा असतो. त्याबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: जिल्हा परिषदेच्या शाळेची २०० मीटर लांबीची दगडी कुंपणभिंत.

## बीओक्यू आणि अंदाजपत्रक एकच ना?

एकाच पोटातून आलेले, पण एक नव्हेत. अंदाजपत्रक खात्याचं असतं. शाखा अभियंता मोजमापं काढतो, दरसूचीतले दर लावतो आणि त्यावर तांत्रिक मंजुरी मिळते. बीओक्यूमध्ये त्याच बाबी आणि तीच परिमाणं येतात, पण दराची जागा तुमच्यासाठी मोकळी असते. म्हणजे काय करायचं आणि किती करायचं हे खात्याने ठरवलेलं, आणि केवढ्याला करणार हे तुम्ही सांगायचं. तुमच्या नावाचा आणि दराचा रकाना सोडला तर त्या तक्त्यात तुमचं काही नाही, आणि काही असल्याचा आवही आणू नये.

## कोणत्या रकान्यात काय असतं?

आमच्या भिंतीचा तक्ता बघा. दर फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, ते उचलून तुमच्या निविदेत टाकू नका.

| अ.क्र. | बाब | परिमाण | एकक | दर (रु.) | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| १ | पायाचे खोदकाम, माती व मऊ मुरूम | १६२.०० | घ.मी. | २१० | ३४,०२० |
| २ | पायात एम-१० काँक्रीट | २७.०० | घ.मी. | ५,४०० | १,४५,८०० |
| ३ | अनघड दगडी बांधकाम, १:६ मसाल्यात | १८६.०० | घ.मी. | ४,३०० | ७,९९,८०० |
| ४ | एम-१५ काँक्रीटचे कोपिंग | ९.०० | घ.मी. | ६,८०० | ६१,२०० |
| ५ | दोन्ही बाजूंनी दरजा भरणे | ४८०.०० | चौ.मी. | १८५ | ८८,८०० |
| ६ | लोखंडी फाटक | १५०.०० | किलो | ११२ | १६,८०० |
| | एकूण | | | | ११,४६,४२० |

परिमाण गुणिले दर म्हणजे रक्कम, आणि रकमांची बेरीज म्हणजे तुमचा देकार. ऑनलाइन फाइलमध्ये हा गुणाकार आणि बेरीज आपोआप होते, शेवटी आकडा अक्षरातही उमटतो. ठेकेदार मात्र शेवटच्या बेरजेकडेच बघत बसतात. मी नेहमी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवतो. अकरा लाखांच्या या कामात आठ लाख एकट्या दगडी बांधकामात आहेत. तिथे घनमीटरला शंभर रुपये इकडचे तिकडे झाले तर १८,६०० रुपयांचा फरक पडतो, म्हणजे अख्ख्या फाटकाच्या किमतीपेक्षा जास्त. तरी लोक फाटकाच्या दरासाठी तीन फॅब्रिकेटरांना फोन करतात आणि दगडाचा दर गेल्या वर्षीचाच धरतात.

## परिमाण खात्याने दिलंय, मग मी कशाला तपासू?

कारण काम तुम्हाला करायचं आहे. नकाशा उघडा आणि अर्धा तास द्या. या भिंतीचा पाया ०.९० मीटर रुंद आणि ०.९० मीटर खोल आहे. २०० गुणिले ०.९० गुणिले ०.९० केले की १६२ घनमीटर येतात, म्हणजे पहिली बाब जुळली. तळाला १५ सेंटिमीटर काँक्रीट धरलं की २७ घनमीटर. त्यावर जमिनीखाली ०.६० रुंद आणि ०.७५ उंच बांधकाम, ते ९० घनमीटर. जमिनीवर ०.४० रुंद आणि १.२० उंच, ते ९६ घनमीटर. दोन्ही मिळून १८६. फाटकाची जागा सोडून भिंत २०० मीटर आहे ना, एवढं नकाशावर पाहून घ्या, कारण तेवढी वजावट राहून जाण्याचे प्रकार होतात.

परिमाण जुळलं नाही तर फाइलमध्ये हात घालायचा नाही. निविदापूर्व बैठक असेल तर तिथे लेखी विचारा, नसेल तर मुदतीत खात्याला पत्र द्या. चूक खरी निघाली तर खातं शुद्धिपत्रक काढतं आणि बहुतेक वेळा बीओक्यूची नवी फाइल चढवतं. मग जुन्या फाइलवर केलेली मेहनत वाया जाते, म्हणून शेवटच्या दिवशी पोर्टलवर शुद्धिपत्रक आलंय का ते बघितल्याशिवाय मी कोणाचीही फाइल चढवत नाही.

आणखी एक गोष्ट. पैसे नकाशातल्या मापाचे मिळतात, तुम्ही उकरलेल्या मातीचे नाही. जेसीबीने चर ०.९०च्या जागी १.१० मीटर रुंद निघाला तर खोदकाम १९८ घनमीटर होतं, पण मोजमाप पुस्तिकेत १६२च चढतं. मधल्या ३६ घनमीटरांचं डिझेल तुमच्या खिशातून जातं. ते दरात धरायचं असेल तर आत्ताच धरा.

## एककात एवढं काय बघायचं?

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. आपल्याकडे खाणीवाला दगड ब्रासने देतो, गवंडी बांधकाम ब्रासने मोजतो, आणि बीओक्यूत असतो घनमीटर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. खाणीवाल्याने दगड ३,४०० रुपये ब्रास सांगितला तर घनमीटरला तो साधारण १,२०० पडला. हे भागणं विसरून ब्रासचाच आकडा पुढे नेला तर देकार फुगतो आणि काम हातचं जातं. ते तरी बरं म्हणायचं. उलटी चूक जास्त महागात पडते.

एकदा माझ्याच टेबलावर ती झाली. लोखंडाच्या बाबीत एकक क्विंटल होतं आणि ठेकेदाराने किलोचा दर सांगितला. मीही मान डोलावून तो टाकला. वरच्या तक्त्यातली सहावी बाब घेऊन हिशेब करा: १.५० क्विंटल गुणिले ११२ म्हणजे १६८ रुपयांत अख्खं फाटक! बेरीज तपासताना कळायला हवं होतं, पण एकूण आकडा मोठा असल्यामुळे सोळा हजारांची तूट नजरेला आलीच नाही. काम मिळालं, आणि फाटक त्याला त्या दरात द्यावं लागलं. तेव्हापासून दर टाकून झाला की मी रक्कम रकान्यातली प्रत्येक ओळ एकेक करून मोठ्याने वाचतो. "फाटक, एकशे अडुसष्ट रुपये" असं तोंडाने म्हटलं की कानाला चूक लगेच खटकते.

## एका बाबीचा दर काढायचा कसा?

तिसरी बाब घेऊ. एक घनमीटर अनघड बांधकामाला तुटफूट धरून दगड साधारण १.१५ घनमीटर लागतो: १,२०० प्रमाणे १,३८०. मसाला सुमारे एक तृतीयांश घनमीटर. १:६ च्या प्रमाणात त्याला सिमेंट दीड-पावणेदोन गोणी लागतं. १.६५ गोणी धरल्या आणि गोण ३८० रुपयांना पडली तर ६२७. वाळू ०.३५ घनमीटर, २,४०० ने ८४०. गवंडी आणि बिगारी ९००, पाणी, पालं, अवजारं ५०. बेरीज ३,७९७. त्यावर देखरेख आणि नफ्याचे मिळून तेरा टक्के चढवले की ४,२९० होतात, म्हणजे ४,३००.

हे करताना बाबीचं पूर्ण वर्णन वाचायचं. तक्त्यात मी ते आखडून लिहिलंय. खऱ्या बीओक्यूत खोदकामाच्या एका बाबीचं वर्णन पाच-सहा ओळींचं असतं, आणि त्यात उकरलेली माती ५० मीटरपर्यंत नेऊन पसरणं, पाणी उपसणं, तळ तयार करणं आणि बांधकामाच्या कडेने माती पुन्हा भरणं असं सगळं गोवलेलं असतं. शेवटी येतो तो ‘कम्प्लीट’ हा शब्द. त्याचा अर्थ असा की या बाबीपोटी पुन्हा वेगळं काही मागायचं नाही. २१० रुपयांत फक्त जेसीबीचे तास धरले असतील तर माती भरण्याची मजुरी कुठून येणार?

## बी-१ आणि बी-२ मध्ये भरण्याचा फरक काय?

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पद्धतीत बी-१ ही टक्केवारीची निविदा आणि बी-२ ही बाबनिहाय दराची. वरचा तक्ता बी-२ चा झाला. बी-१ मध्ये दर आधीच भरलेले असतात आणि तुम्ही एकच आकडा देता: अंदाजित रकमेपेक्षा इतके टक्के कमी किंवा इतके टक्के जास्त. ठेकेदारांच्या भाषेत बिलो आणि अबव्ह.

समजा वरचेच दर खात्याचे आहेत आणि तुम्ही ७.२५ टक्के बिलो भरलं. ११,४६,४२० मधून ८३,११५.४५ वजा होऊन देकार १०,६३,३०४.५५ होतो. ही सूट प्रत्येक बाबीला सारखी लागते. दगडी बांधकाम ४,३०० ऐवजी ३,९८८.२५ ने करावं लागेल, मग दगड महाग होवो की स्वस्त. फाइलमध्ये टक्क्याच्या शेजारी `Select` असं लिहिलेली चौकट असते. तिच्यातून `Less (-)` किंवा `Excess (+)` निवडायचं. ७.२५ बरोबर टाकून चौकटीत चुकून `Excess (+)` राहिलं तर देकार १२,२९,५३५.४५ होतो आणि तुम्ही रांगेत शेवटी जाऊन बसता. अक्षरी रक्कम वाचली तर हे जागच्या जागी कळतं.

फार बिलो जाणार असाल तर निविदा सूचनेतलं जादा सुरक्षा ठेवीचं कलम आधी वाचा. किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर किती रक्कम आणि ती केव्हा भरायची हे तिथे दिलेलं असतं. त्या पैशावरचं व्याजसुद्धा तुमचा खर्चच आहे.

## जीएसटी दरात धरायचा की वेगळा?

निविदेत लिहिलं असेल तसं. ऐकीव माहितीवर जाऊ नका. बीओक्यूत कराचा वेगळा रकाना असेल किंवा दर कर वगळून द्यावा असं म्हटलं असेल तर वरचे दर करावेगळे समजायचे. या कामावर १८ टक्क्यांनी २,०६,३५५.६० रुपये कर होतो आणि बिल १३,५२,७७५.६० वर जातं. उलट, दर सर्व करांसह असावेत असं कलम असताना तुम्ही करावेगळे दर भरले तर हे दोन लाख तुमच्याकडूनच जाणार, आणि अकरा लाखांच्या कामात दोन लाखांचा नफा कोणाला सुटतो? संदिग्ध असेल तर लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. सिमेंटसारख्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळणार असेल तर दर काढताना तो माल कराशिवायच्या भावाने धरा.

## एखाद्या बाबीचा दर मोकळा ठेवला किंवा शून्य टाकला तर चालतं का?

टाळा. मोकळ्या बाबीचा खर्च तुम्ही बाकीच्या दरांत धरला असं मानलं जातं, आणि ती बाब फुकट करून द्यावी लागते. कित्येक निविदांत असा देकार सरळ बाद करण्याचंही कलम असतं.

## कागदी दरपत्रकात गुणाकार चुकला, तर कोणता आकडा खरा?

ग्रामपंचायतीच्या छोट्या कामांत अजून कागदावर दर मागवतात, तिथे हा प्रश्न येतो. सर्वसाधारण रीत अशी की दर खरा धरायचा आणि रक्कम दुरुस्त करायची. दराचा अंक आणि अक्षर जुळत नसेल तर काय करायचं ते त्या सूचनेत बघा. खाडाखोड केलीत तर तिच्या शेजारी सही करा. पांढरी शाई वापरू नका, तिच्याकडे संशयानेच बघितलं जातं.

## सुरुवातीच्या बाबींचे दर वाढवून शेवटचे कमी केले तर पैसा लवकर सुटतो असं म्हणतात. करावं का?

बी-२ मध्ये लोक करतात हे खरं. खोदकाम २१० ऐवजी ६०० ला लावायचं, दरजा १८५ ऐवजी ५५ ला. दोन्ही बदल ६३ हजारांच्या आसपास असल्याने बेरीज जवळपास तीच राहते आणि पहिल्या बिलातच हात ओला होतो. पण तौलनिक तक्ता करणारा अभियंता प्रत्येक दर दरसूचीशी ताडून बघतो. ६०० रुपयांचं खोदकाम त्याला दिसतंच, मग दराचं पृथक्करण द्या असं पत्र येतं. आणि पुढे दरजा भरायची वेळ आली की ५५ रुपयांत गवंडी उभा राहत नाही. मी तरी सल्ला देत नाही.

## काम करताना परिमाण वाढलं तर वाढीव कामाचा दर कोणता?

काळ्या मातीत हे हमखास होतं. चर ०.९० मीटर उकरला तरी घट्ट मुरूम लागत नाही आणि अभियंता अजून खाली जायला सांगतो. बी-१ च्या करारात यासाठी कलम ३८ आहे आणि त्यात २५ टक्क्यांची मर्यादा येते. तिथपर्यंत तुमच्या निविदेतला दर चालतो, त्यापुढचं वाढीव परिमाण दरसूचीवर काढलेल्या दराने देण्याची तरतूद आहे. आपल्या उदाहरणात १६२ चे २५ टक्के म्हणजे ४०.५०. सगळा चर १.१२५ मीटर खोल जाईपर्यंत जुनाच दर. खोली वाढवायचा आदेश लेखी घ्या आणि चर बुजण्याआधी मोजमाप नोंदवून घ्या. बुजलेल्या चराची खोली कोणी मानत नाही.

## फाइल भरली, पण पोर्टल घेत नाही. काय चुकलं?

महाटेंडर्स या सरकारी निविदा पोर्टलवर हे रोजचं आहे. आधी फाइलचं नाव बघा. पोर्टलने दिलेलं नाव `BOQ_123456.xls` असेल तर चढवतानाही तेच हवं. दोनदा उतरवल्यामुळे ते `BOQ_123456 (1).xls` झालेलं असतं, किंवा कोणीतरी हौसेने गावाचं नाव जोडलेलं असतं, आणि पोर्टल ते नाकारतं. दुसरं कारण म्हणजे फाइल मोबाइलवर किंवा दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून जतन केली, त्यात आतली मॅक्रो मोडली. ती फाइल टाकून द्या आणि पोर्टलवरून नवी उतरवा.

फाइल उघडते पण बटणं चालत नाहीत, असं असेल तर ती बंद करून फाइलवर राइट क्लिक करा, `Properties` मध्ये `Unblock` वर खूण करा आणि पुन्हा उघडून `Enable Content` दाबा. नाव आणि दर भरल्यावर वरचं `Validate` दाबायचं. काही राहिलं असेल तर ते तिथेच सांगतं.

आणि दराचा कोणताही कागद पहिल्या लिफाफ्यात जाऊ देऊ नका. भरलेल्या बीओक्यूची प्रिंट चुकून बाकीच्या कागदांबरोबर स्कॅन होते, आणि तांत्रिक लिफाफा उघडताना दर फुटला की निविदा बाद.

## सबमिट केल्यावर चूक दिसली. आता?

मुदत संपायची असेल तर घाबरू नका, दुरुस्त फाइल पुन्हा चढवता येते आणि शेवटची चढवलेली ग्राह्य धरली जाते. फक्त निविदा मागे घेण्याच्या पर्यायाला हात लावू नका. एकदा मागे घेतली की त्याच कामासाठी पुन्हा भरता येत नाही. नवी फाइल चढवल्यावर `Freeze Bid Submission` पर्यंत जायलाच हवं. फाइल चढली म्हणजे निविदा गेली असं समजून माणसं चहाला जातात. पोचपावती आणि तिच्यावरचा बिड आयडी हातात आला की मगच उठा. वेळ पोर्टलच्या घड्याळाची धरतात, तुमच्या मनगटावरची नाही. म्हणून तीन वाजताची मुदत असेल तर माझ्याकडे आदल्या दिवशी या. दुपारी अडीचला पेनड्राइव्ह घेऊन धावत आलात तर दरवाजा उघडा असेल, पण डिजिटल सहीचं टोकन घरी राहिलेलं असतं.